सौदा फोनवर, नोंद ईमेलवर

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबाद आणि खामगाव यांच्यात एक लांब पल्ल्याचा फोन झाला. अहमदाबादच्या पेढीने खामगावच्या जिनिंग आणि तेल गिरणीकडे सरकी पेंडेची मागणी केली आणि खामगावहून होकार आला. पुढे माल दिला गेला नाही, अशी तक्रार करत अहमदाबादकरांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. पेंडेचा हिशेब राहिला बाजूला, आधी प्रश्न उभा राहिला तो करार झाला कुठे हा. होकार उच्चारला गेला खामगावात आणि ऐकला गेला अहमदाबादेत, मग दावा कुठल्या कोर्टात चालवायचा? एवढ्या एका मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. ऑगस्ट १९६५ मध्ये निकाल लागला: फोनवरचा करार होकार जिथे ऐकू येतो तिथे पूर्ण होतो, म्हणून दावा अहमदाबादेतच चालेल. न्या. हिदायतुल्ला यांचं मत मात्र वेगळं पडलं.

भगवानदास केडिया खटला म्हणून कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही शिकतात. दुकानदार, कारखानदार, ठेकेदार यांना त्यातून घेण्यासारखी गोष्ट अगदी साधी आहे. फोनवर झालेला करारही करारच असतो. ‘लेखी कुठे काय झालंय?’ म्हणून हात झटकता येत नाहीत. १८७२चा भारतीय करार कायदा तोंडी करार मानतो. एखाद्या व्यवहाराला लेखीच हवं असं दुसऱ्या एखाद्या कायद्याने सांगितलं असेल तेवढाच अपवाद.

म्हणजे फोननंतर पाठवलेल्या ईमेलने करार जन्माला येतो असं नाही. तो बहुतेक वेळा फोनवरच झालेला असतो. ईमेलचं काम वेगळं आहे. नेमकं काय ठरलं, काय नुसतंच बोललं गेलं आणि काय अजून लटकलेलं आहे, याची विभागणी दोन्ही बाजूंच्या आठवणी ताज्या असताना करून ठेवणं हे ते काम. भांडण सहसा ‘सौदा झाला का’ यावर होत नाही. ते होतं ‘सौद्यात काय काय होतं’ यावर.

एक कल्पित, पण नाशिक भागात दर हंगामात घडू शकेल असं उदाहरण घेऊ. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारा एक छोटा कारखानदार आहे. पिंपळगाव बसवंतला द्राक्ष निर्यातीचं पॅकहाउस आहे आणि तिथले खरेदी व्यवस्थापक बॉक्सची ऑर्डर देताहेत. भावावर दहा मिनिटं ओढाताण होते आणि शेवट असा होतो:

‘बेचाळीस फायनल?’

‘फायनल.’

‘पोच ना?’

‘हो हो, पोच.’

‘पेमेंट नेहमीचं.’

‘चालेल.’

‘आणि मार्चमध्ये अजून पाच हजार लागतील, त्यालाही हाच रेट धरा.’

‘बघू, करू काहीतरी.’

दोघेही समाधानाने फोन ठेवतात. पण दोघांच्या डोक्यातला सौदा एक नाही. ‘पोच’ म्हणजे गाडी पॅकहाउसच्या दारात लावणं, असं कारखानदार धरून चालला आहे. व्यवस्थापकांच्या मते त्यात माल उतरवून रचून देणंही आलं. ‘नेहमीचं पेमेंट’ कारखानदाराच्या लेखी ३० दिवस, कारण त्याची इतर गिऱ्हाइकं तेवढ्या दिवसांत देतात. पॅकहाउसच्या लेखी ४५. ‘बघू’ हा एकाने दिलेला सभ्य नकार आहे आणि दुसऱ्याने ऐकलेला होकार. यात कुणी खोटं बोललेलं नाही. मार्चमध्ये दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी शपथेवर सांगितल्या, तरी दोघेही आपापल्या परीने खरंच सांगत असतील.

म्हणून ईमेलचं निम्मं काम फोन ठेवण्याआधीच करायचं असतं. बोलता बोलता आकडे कागदावर टिपायचे आणि शेवटी म्हणायचं, ‘एकदा वाचून दाखवतो, चुकलं तर थांबवा.’ बारा हजार नग, बेचाळीस रुपये, पिंपळगावला पोच, हमाली तुमची, पेमेंट किती दिवसांत? इथे ‘नेहमीचं’ हा शब्द चालत नाही, आकडाच सांगावा लागतो. तीस की पंचेचाळीस हा वाद फोनवरच होतो आणि फोनवरच मिटतो. फोनवर ऐकवलेलं आणि ईमेलमध्ये लिहिलेलं एकच असलं, की समोरच्याला धक्का बसत नाही आणि उत्तरही लवकर येतं.

आता ईमेल. शक्यतो त्याच दिवशी आणि काहीही झालं तरी काम सुरू होण्याआधी तो गेला पाहिजे. आपल्या कारखानदाराने दुपारी पाठवलेला ईमेल असा:

विषय: १२ जानेवारीच्या फोनवर ठरलेलं – ४.५ किलो द्राक्ष बॉक्स, १२,००० नग

नमस्कार साहेब,

आज सकाळी साडेअकराच्या सुमारास फोनवर आपलं पुढीलप्रमाणे ठरलं:

१. माल: ४.५ किलो द्राक्षांसाठी पाच प्लायचे बॉक्स, ६ जानेवारीला दिलेल्या नमुन्याप्रमाणे, दोन रंगांची छपाई. एकूण १२,००० नग.

२. दर: नगाला ४२ रुपये, पिंपळगावला पोच. एकूण ५,०४,००० रुपये, जीएसटी वेगळा. गाडीभाडं आमच्याकडे, माल उतरवण्याची हमाली तुमच्याकडे.

३. पुरवठा: ४,००० नगांचे तीन लॉट – २२ जानेवारी, ५ फेब्रुवारी आणि १९ फेब्रुवारी. छपाईचं डिझाइन तुमच्याकडून १४ जानेवारीपर्यंत मिळाल्यास पहिली तारीख पाळू. उशीर झाल्यास तेवढेच दिवस ती पुढे जाईल.

४. पैसे: प्रत्येक लॉटचं वेगळं बिल, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत.

५. ओले किंवा दबलेले बॉक्स: माल पोचल्यापासून ३ दिवसांत फोटोसह कळवल्यास बदलून देऊ.

बोलणं झालं, पण अजून ठरलेलं नाही:

अ. छपाईच्या ब्लॉकचा खर्च (एकदाच, ६,००० रुपये) कोणी करायचा. तुम्ही मालकांशी बोलून १४ तारखेपर्यंत कळवणार आहात.

आ. मार्चमधल्या जादा ५,००० नगांचा दर. ४२ रुपयांचा दर वरच्या १२,००० नगांपुरता आहे.

काही चुकलं किंवा राहिलं असेल तर उद्या संध्याकाळी ५ पर्यंत याच ईमेलला उत्तर द्यावं. सगळं बरोबर असल्यास ‘बरोबर’ एवढं लिहिलं तरी पुरे. तुमचं उत्तर आलं की कागद मागवतो.

या ईमेलमधला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे ‘अजून ठरलेलं नाही’ हा. बहुतेक लोक तो लिहितच नाहीत. अर्धवट राहिलेला विषय ईमेलमध्ये नसला, की पुढे त्याचे दोन अर्थ निघतात: एक जण म्हणतो तो विषय निघालाच नव्हता, दुसरा म्हणतो तेव्हाच मिटला होता. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट विषय ‘ठरलं’ या यादीत ढकलणं. वाचणाऱ्याला एक मुद्दा खोटा दिसला, की तो बाकीचे पाचही संशयाने वाचतो. ‘बघू’ला ‘बघू’च म्हणून नोंदवलं, की मार्चमध्ये निदान बोलणी कुठून सुरू करायची हे तरी स्पष्ट असतं.

दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे वाक्यांची ठेवण. ‘मला वाटतं आपलं असं बोलणं झालं’ असं लिहिलं तर ते एकट्याचं मत राहतं. ‘आपलं असं ठरलं’ या वाक्याला मात्र समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. ‘लवकरात लवकर’, ‘साधारण’, ‘शक्यतो’, ‘नेहमीप्रमाणे’ हे शब्द बोलण्यात गोड लागतात, पण नोंदीत त्यांच्या जागी तारीख, आकडा किंवा नमुना लागतो. एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर अवलंबून असेल तर तेही त्याच ओळीत जोडावं, जसं इथे पहिल्या लॉटची तारीख डिझाइनला बांधली आहे. ते जोडलं नसतं, तर डिझाइन १९ तारखेला येऊनही उशिराचा ठपका कारखानदारावरच आला असता.

आणि ज्याच्याशी बोललो त्याला शेवटचा शब्द देण्याचा अधिकार नसेल तर? मोठ्या कंपन्यांत फोनवर खरेदी विभाग बोलतो आणि मंजुरी वरून येते. अशा वेळी ‘पर्चेस ऑर्डर निघाल्यावरच हे दोघांवर बंधनकारक’ असं स्पष्ट लिहावं. तसं न लिहिता नुसतं ‘सौदा पक्का’ लिहिलं, तर पुढे सहीचा कागद झाला नाही तरी बांधले जाल. बॉक्साइटच्या खरेदीवरून ट्रायमेक्स आणि वेदांता अॅल्युमिनियम या कंपन्यांत वाद झाला, तेव्हा हेच दिसलं. २००७ मध्ये पाच जहाजांच्या मालाचा सौदा ईमेलवरून पक्का कळवला गेला, औपचारिक करारावर सह्या मात्र झाल्या नव्हत्या. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो करार झालेलाच धरला.

आता उत्तराकडे येऊ. पुष्कळ ईमेलच्या शेवटी एक ओळ असते: ‘दोन दिवसांत उत्तर न आल्यास वरील सर्व अटी मान्य आहेत असं समजू.’ तिच्यावर फार भरवसा ठेवू नये. आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार, असं कायदा सहसा धरत नाही. समोरच्यावर मौनाचं बंधन एकतर्फी लादता येत नाही. जर्मनीत मात्र व्यापाऱ्यांमधली जुनी रीत न्यायालयांनी उचलून धरली आहे: बोलणी झाल्यावर आलेल्या पुष्टिपत्राला व्यापाऱ्याने वेळीच हरकत घेतली नाही, तर त्यातला मजकूर त्याच्यावर बंधनकारक होऊ शकतो. युरोपात द्राक्षं पाठवणाऱ्याने, करारावर जर्मन कायदा लागू होत असेल तर, तिकडून आलेला सारांश न वाचता पडू देणं धोक्याचं आहे.

आपल्याकडे भरवशाच्या गोष्टी दोनच. पहिली, लेखी उत्तर, भले एका शब्दाचं असो. दुसरी, त्या अटींप्रमाणे केलेली कृती. प्रस्तावातल्या अटी पाळणं हाही होकारच, असं करार कायद्याचं आठवं कलम सांगतं. ईमेल मिळाल्यावर पॅकहाउसने डिझाइन पाठवलं, २२ तारखेचा लॉट उतरवून घेतला, हमाली स्वतः दिली, तर ‘आम्ही कुठे होकार दिला’ म्हणणं अवघड जातं. म्हणूनच ‘तुमचं उत्तर आलं की कागद मागवतो’ ही शेवटची ओळ कामाची आहे. उत्तर द्यायला समोरच्याकडे कारण हवं, आणि आपल्या मालाला उशीर होईल याहून चांगलं कारण नाही.

आपल्या उदाहरणात उत्तर आलं: ‘बाकी बरोबर. मुद्दा ५ मध्ये ३ दिवस नव्हे, ७ दिवस असं बोलणं झालं होतं. मोजणीला वेळ लागतो.’ इथे पुष्कळ जण चूक करतात. ते फोन उचलतात, तोंडी ‘बरं, सात’ म्हणतात आणि विसरतात. मग लेखी काय उरतं? एकाचे तीन, दुसऱ्याचे सात, आणि मान्यता कुणाचीच नाही. कायद्याच्या भाषेत पूर्ण आणि बिनशर्त होकारच होकार ठरतो. एक अट बदलून दिलेला होकार हा नवा प्रस्ताव असतो. म्हणून त्याच ईमेलवर एक ओळ जायलाच हवी: ‘मुद्दा ५ मध्ये ७ दिवस मान्य. बाकी मुद्दे १ ते ४ वरीलप्रमाणे.’ आता नोंद पुरी झाली.

असा ईमेल तुम्हाला आला आणि त्यात न ठरलेलं काही घुसवलेलं असेल, तरी नियम तोच. दोन दिवस चडफडत बसण्यापेक्षा त्याच दिवशी, त्याच ईमेलला, मुद्द्याचा क्रमांक देऊन लिहावं: ‘मुद्दा ३ ठरलेला नाही.’ ‘तुमच्या ईमेलमध्ये बऱ्याच चुका आहेत’ असं मोघम उत्तर कुठलाच मुद्दा खोडत नाही.

चार दिवसांनी पॅकहाउसची छापील पर्चेस ऑर्डर येते. दर, नग, तारखा बरोबर आहेत. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलंय: ‘पेमेंट ६० दिवस.’ पर्चेस ऑर्डर ईमेलशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायची ती यासाठीच. फरक दिसला की माल पाठवण्याआधी कळवायचं: ‘१२ जानेवारीच्या ईमेलमधला मुद्दा ४ लागू आहे. ऑर्डर दुरुस्त करून द्यावी.’ काही न बोलता माल पाठवला किंवा त्या ऑर्डरवर सही केली, तर ईमेलची ताकद पुष्कळ कमी होते. अटी एकदा सहीच्या दस्तऐवजात उतरल्या, की त्याच्याविरुद्ध आधीचं तोंडी बोलणं पुढे करायला पुराव्याचा कायदा सहसा परवानगी देत नाही. दस्तऐवजात ‘याआधीची सर्व बोलणी रद्द’ असं कलम असेल, तर आधीचा ईमेलही सोबत बुडतो.

पेमेंटच्या बाबतीत आणखी एक कायदा आहे आणि लेखी नोंदीला तो खरी किंमत देतो. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याचं पंधरावं कलम सांगतं, की नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावेत, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढे जाता कामा नये. लेखी काही ठरलेलंच नसेल, तर मुदत पंधरा दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं.

आपल्या सौद्याला हे लावून पाहा. कारखानदाराची उद्यम नोंदणी असेल, तर ऑर्डरमागचे छापील ६० दिवस कायद्यापुढे टिकत नाहीत. पण ४५ दिवसही फोनवरच राहिले असते तर? पॅकहाउसला पंधरा दिवसांत पैसे देणं भाग होतं. म्हणजे मुद्दा ४ लिहून ठेवण्याची जास्त गरज विकणाऱ्याला नसून घेणाऱ्याला होती. ‘आपल्यावर बंधन नको’ म्हणून ईमेलला उत्तर टाळणारा खरेदीदार स्वतःचीच तीस दिवसांची सवलत धोक्यात घालत असतो. ‘लेखी’मध्ये ईमेल येतो का, ही शंका माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० मध्येच मिटवली आहे: मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात असेल आणि पुढे पाहता येत असेल, तर लेखी असण्याची अट पुरी होते.

राहिला प्रश्न जपण्याचा. ईमेलचा स्क्रीनशॉट काढून मूळ ईमेल पुसून टाकू नये. मूळ ईमेलसोबत तो कुठून, कधी, कोणत्या सर्व्हरमार्गे आला याची माहिती असते, ती चित्रात येत नाही. जीमेलमध्ये ईमेलच्या तीन टिंबांच्या यादीत `Download message` निवडलं की त्या माहितीसकट `.eml` फाइल उतरते. ती सौद्याच्या फोल्डरमध्ये ठेवावी. सगळी उत्तरं एकाच साखळीत ठेवावीत आणि कर्मचारी नोकरी सोडून जाताना त्याचा मेलबॉक्स पुसू नये. सौदा व्हॉट्सअॅपवर झाला असेल तर आपोआप पुसले जाणारे संदेश बंद आहेत ना हे पाहावं, आणि सारांश ईमेलवरच पाठवावा.

वेळ कोर्टाची आलीच, तर छापून काढलेला ईमेल नुसता पुढे केला की झालं, असं होत नाही. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, की मूळ यंत्र हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद ६३व्या कलमात आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे त्या फाइलमधून गणिताने निघणारी खूण, द्यावी लागते. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ही खूण बदलते. मूळ `.eml` जपायची ती यासाठी.

काही व्यवहारांना मात्र ईमेल पुरत नाही. जमीन किंवा फ्लॅटची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, आणि महाराष्ट्रात घर भाड्याने देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तिथे फोननंतरचा ईमेल फार तर दस्तात काय उतरवायचं याची यादी ठरतो. बाकी रोजच्या मालाच्या, मजुरीच्या, दुरुस्तीच्या, छपाईच्या सौद्यांत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. सारांश जो आधी लिहितो, शब्द त्याचे होतात, आणि दुसऱ्याला ते खोडत बसावं लागतं. ‘तुम्ही पाठवा, मी बघतो’ असं म्हणून लिहिण्याचं काम समोरच्यावर ढकललं, तर ‘पोच’ म्हणजे काय हेही तोच ठरवणार.